दुधाचं मेयोनीज कशामुळे फुटतं?

प्रश्न: लातूरला माझी सँडविचची गाडी आहे. अंडं न घालता दूध-तेलाचं मेयोनीज मिक्सरमध्ये करतो. कधी मस्त घट्ट होतं, कधी तेल सुटून पातळ होतं. तेल-पाणी एरवी मिसळत नाही, मग हे धरतं कसं आणि फुटतं का?

उत्तर:

तेल हलकं म्हणून वर तरंगतं, पण वेगळं होतं त्याचं कारण ते नाही. स्पिरिटही पाण्यापेक्षा हलकंच, तरी बेमालूम मिसळतं. खरी गोष्ट अशी की पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि तेलाच्या रेणूला धरायला त्यांना काही सापडत नाही. म्हणून तेलाशी संपर्क जितका कमी, तितकं पाण्याला बरं. मिक्सरने तेलाचे बारीक थेंब केले तरी ते एकमेकांत मिसळून मोठे होत जातात आणि शेवटी वर थर येतो.

तुमच्या भांड्यात हे थांबवतं दुधातलं केसीन नावाचं प्रथिन. त्याचे काही भाग तेलाकडे ओढले जातात, काही पाण्याकडे. ते प्रत्येक थेंबावर पातळ आवरण धरतं, त्यामुळे थेंब एकमेकांना टेकले तरी एक होत नाहीत. अंड्याच्या मेयोनीजमध्ये हेच काम बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं करतात. साध्या दुधातल्या स्निग्धाच्या कणांना तर असं आवरण मुळातच असतं, म्हणून साय वर येते, पण दुधावर तुपाचा तवंग येत नाही. घुसळून ते आवरण फाडलं की लोणी निघतं.

आता प्रमाण पाहा. १०० मिली दुधात २०० मिली तेल म्हणजे सुमारे दोन तृतीयांश तेल. थेंब दाटीने बसतात, सरकायला जागा उरत नाही, म्हणून घट्टपणा येतो. तेल ३०० मिलीवर नेलंत की ते ७५ टक्के होतं. एकसारखे गोल थेंब साधारण ७४ टक्क्यांपर्यंतच मावतात; त्यापुढे ते चेपले जातात, मधलं पाणी अगदी पातळ होतं आणि जरा काही चुकलं की फुटतं. तेव्हा घट्ट होईना म्हणून तेल ओतत राहू नका.

दुसरं कारण घाई. मिक्सर चालू ठेवून झाकणाच्या भोकातून सुरुवातीला बारीक धारेनंच तेल सोडा, करडईचं असो की सोयाबीनचं. एकदम ओतलं तर थेंब मोठे राहतात आणि केसीनला त्यांच्यावर बसायला वेळ मिळत नाही. दूध फ्रीजमधलं गार घ्या. लिंबू शेवटी पिळा. आंबटपणाने केसीन गोळा होऊन मिश्रण आणखी आळतं, पण आधीच पिळलंत तर दूध नासून तेच केसीन गुठळ्यांत अडकतं.

कडेला तेलाची चकाकी दिसली की समजा, फुटायला लागलंय. फेकू नका. स्वच्छ भांड्यात दोन-तीन चमचे गार दूध फिरवत ठेवा आणि फुटलेलं मिश्रण त्यात चमच्या-चमच्याने घाला. बहुतेक वेळा परत धरतं.

उन्हाळ्यात गाडीवर बाहेर ठेवू नका, रोजचं रोज करा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. डीप फ्रीझरमध्ये मात्र नको: पाण्याचा बर्फ होताना थेंब एकमेकांवर दाबले जाऊन आवरण फाटतं आणि वितळल्यावर तेल वर येतं.