संवादी सूर म्हणजे गोड सूर का?

प्रश्न : ‘संवादी’ सूर म्हणजे एकत्र ऐकायला गोड लागणारे सूर, असंच ना? मग सा आणि प गोड का लागतात आणि सा आणि कोमल रे का नाही? आणि वरचा सा उंच असूनही त्याला ‘सा’च का म्हणायचं?

‘गोड’ हा अर्थ त्या शब्दात नाही. वद् म्हणजे बोलणे. संवाद म्हणजे एकमेकांशी जुळेल असं बोलणे, एकवाक्यता. आजच्या मराठीत संवाद म्हणजे नुसती बातचीत उरली आहे, पण ‘विसंवाद’ म्हटलं की जुना अर्थ लगेच वर येतो : दोघांचं जुळत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी, विवादी असे चार प्रकार आहेत आणि तिथे संवादीची व्याख्या मोजमापाची आहे : ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म पायऱ्यांचं, अंतर, ते परस्परांचे संवादी. तेरा म्हणजे सा–प, नऊ म्हणजे सा–म. गोडीचा उल्लेख नाही, अंतराचा आहे. तेव्हा ‘का गोड लागतात’ याआधी ‘काय जुळतं’ हे पाहू.

जुळतं ते आंदोलन. वर्तमानपत्रामुळे आंदोलन म्हटलं की डोळ्यांपुढे मोर्चा येतो, पण शब्द मुळात झोक्याचा आहे. तार एकदा इकडे, एकदा तिकडे जाऊन परत आली की एक आंदोलन पुरं झालं. सेकंदाला अशी किती होतात, ती त्या सुराची आंदोलनसंख्या. शाळेच्या पुस्तकात तिलाच वारंवारता म्हणतात. संगीतशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत उदाहरणासाठी मध्य सप्तकातला सा २४० धरायची पद्धत आहे, तीच इथे धरतो. सा कुठूनही धरता येतो, गुणोत्तरं तीच राहतात.

तंबोरा लावताना हे कानांनी मोजता येतं. मधल्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात लावायच्या असतात. समजा एक २४० ला आहे आणि दुसरी चुकून २४२ ला. दोन्ही एकामागोमाग छेडल्या तर दोन वेगळे सूर ऐकू येत नाहीत, एकच सूर येतो आणि तो डोलतो : मोठा, बारीक, मोठा, बारीक, सेकंदाला दोनदा. कारण साधं आहे. दोन्ही तारा एका दिशेने ढकलत असतात तेव्हा आवाज वाढतो, उलट दिशांना ढकलू लागल्या की कमी होतो, आणि दोघींच्या गतीत सेकंदाला दोन आंदोलनांचा फरक असल्यामुळे हे दर सेकंदाला दोनदा घडतं. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. मी आपला डोल म्हणतो. खुंटी हळू पिळत गेलं की डोल संथ होतो, मग मणी जरासा सरकवला की सेकंदा-दोन सेकंदांनी एखादा उरतो, आणि एका क्षणी थांबतो. तार ‘लागली’ म्हणतात ती तेव्हा. खुंटी उलट्या बाजूला गेली तर डोल पुन्हा वेगात येतो, त्यामुळे चुकल्याचंही लगेच कळतं.

आता सा आणि प. प म्हणजे ३६०. दोघांत १२० चा फरक, म्हणजे त्यांचा आपापसात डोल व्हायचा प्रश्नच नाही. मग जुळतं काय? इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते : २४० ला लावलेली तार फक्त २४० वाजवत नाही. ती सबंध लांबीने हलते तशी अर्ध्यांत, तिसऱ्या भागांत, चौथ्या भागांतही त्याच वेळी हलत असते. म्हणून तिच्या आवाजात ४८०, ७२०, ९६०, १२०० असे पटीतले बारीक सूरही असतात. त्यांना उपस्वर म्हणू, आणि मोजताना मूळ २४० हा पहिला धरू. गळ्यातून निघणाऱ्या सुरातही ते असतात. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यात तर गंधाराची तार नसतानाही गंधार ऐकू येतो, त्याला लोक ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो सा चा पाचवा उपस्वर.

पंचमाचे उपस्वर ७२०, १०८०, १४४०. सा चा तिसरा ७२०, सहावा १४४०. म्हणजे पंचमाचा दर दुसरा आवाज सा च्या एखाद्या आवाजावर अचूक बसतो. दोन आणि तीन या लहान आकड्यांचं नातं (२४० : ३६०) म्हणजे प्रत्यक्षात हेच : थोड्याच पायऱ्या चढल्या की गाठ पडते. आणि प ३६१ ला लागला तर? त्याचा दुसरा ७२२ होतो, सा चा तिसरा ७२० वरच असतो, आणि वरच्या अंगाला सेकंदाला दोनदा डोल सुरू होतो. पंचम लावताना कान खालच्या सुरावर नाही, या वरच्या डोलावर असतो. नव्याने शिकणारा नेमका तिथे चुकतो : तो पंचमाची उंची आठवून तार लावतो आणि ‘जवळपास बरोबर’वर थांबतो.

वरच्या सा चं उत्तर यातच आहे. तार सप्तकातला सा ४८०. त्याचे उपस्वर ९६०, १४४०, १९२०. यातला एकही आवाज खालच्या सा मध्ये आधीपासून नाही असं नाही. ४८० सुद्धा त्यात होताच. म्हणजे दोन्ही सा एकत्र लावले तर नवा आवाज एकही येत नाही, असलेलेच काही ठळक होतात. पंचमाने निदान ३६० आणि १०८० नवे आणले होते. म्हणून कान वरच्या सा ला दुसरा सूर न म्हणता तोच सूर वर गेला म्हणतो. पुरुष आणि लहान मूल एकच चाल एकत्र म्हणतात तेव्हा मूल बहुधा दुप्पट आंदोलनांत गात असतं, पण आपण म्हणतो दोघे एकाच सुरात आहेत.

जाता जाता : या अंतराला आपण सप्तक म्हणतो, पाश्चात्त्य ऑक्टेव्ह, म्हणजे आठवा. भांडण काही नाही. आपण वेगळे सूर मोजले, त्यांनी परत आलेला सा सुद्धा मोजला. सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणणाऱ्या भाषेने त्याला हसू नये.

कोमल रे कडे येऊ. तो साधारण २५६. सा शी फरक १६, म्हणजे सेकंदाला सोळा डोल, आणि दोघांच्या दुसऱ्या उपस्वरांत बत्तीस. सेकंदाला दोन-तीन डोल असतात तोवर कान ते मोजू शकतो. त्यापुढे मोजणं सुटत जातं आणि वीस-तीसच्या आसपास नुसती खरखर उरते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली विसंवादाचं हेच कारण मांडलं, आणि सेकंदाला तीस-चाळीस डोलांच्या आसपास खरखर सर्वांत जाचक असते असं नोंदवलं. तीव्र म सा पासून चांगला लांब आहे, साधारण ३३७ वर, पण त्याचा दुसरा उपस्वर ६७४ सा च्या ७२० शी भिडतो. तिथेही खरखरच.

मात्र याला मर्यादा आहे आणि ती ऐकून पाहता येते. उपस्वर नसलेला शुद्ध सूर संगणकावर तयार करता येतो. असे २४० आणि ३३७ एकत्र लावले तर खरखर जवळजवळ नाहीशी होते, कारण भिडायला वर कोणी नसतंच. आणि शुद्ध ३६० हे ३६१ पेक्षा सरस आहे हे ओळखणंही फार अवघड जातं. म्हणजे संवाद हा दोन आकड्यांचा गुण नाही, दोन भरलेल्या आवाजांचा आहे.

हार्मोनियमबद्दलची तक्रार हीच आहे. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात पंचम ३५९.६ वर येतो; सा शी डोल सेकंदाला एकही पुरा होत नाही, कोण लक्ष देतो! पण गंधार ३०० ऐवजी ३०२.४ वर जातो. त्याचा चौथा उपस्वर १२०९ च्या पुढे, सा चा पाचवा १२००. म्हणजे सेकंदाला नऊ-दहा डोल. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार शेजारी वाजत असेल तर पेटीचा गंधार चढा लागतो तो यामुळे.

आता गोडवा. खरखर नसणं म्हणजे गोड, हे सगळ्यांच्या कानाला मान्य असेलच असं नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या त्या लोकांनी संवादी आणि विसंवादी स्वरजोड्या सारख्याच आवडल्याचं सांगितलं. खरखरीत आवाज मात्र त्यांनाही आवडले नव्हते. म्हणून ‘संवादी’चं भाषांतर ‘गोड’ करू नये. जुळणं आंदोलनांत असतं, आवडणं ऐकणाऱ्यात.

वापराबद्दल दोन गोष्टी. रागाच्या वर्णनात ‘वादी ग, संवादी नी’ असं येतं तिथे शब्दाचा अर्थ सरकलेला आहे : वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर, संवादी म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा. जुनं अंतर बहुतेक वेळा टिकून असतं. यमनचे ग आणि नी पाहा, ३०० आणि ४५०, पुन्हा दोनास तीन. तसंच आज रागातला ‘विवादी’ म्हणजे त्या रागात एरवी वर्ज्य असलेला, क्वचित हळूच लावला जाणारा स्वर. तो चांगला लागला तर लोक दादही देतात.

दुसरी गोष्ट ‘विसंवादी’ आणि ‘बेसूर’ यांची. लावायचा होता तो सूर लागला नाही तर बेसूर. ते एकट्याला जमतं. विसंवादी व्हायला दुसरा सूर लागतो, आणि दोन्ही आपापल्या जागी अगदी बरोबर असू शकतात. वर कोमल रे २५६ वर नेमका बसला होता. तो विसंवादी होता, बेसूर नव्हता.