सूचीखातातली 'सूची'

*"पाटणादेवीला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख पाहून आलो आणि घरी भास्कराचार्यांचा गणितग्रंथ लीलावती उघडला. 'समखातफलत्र्यंशः सूचीखाते फलं भवति' यातली सूची म्हणजे यादी का? आणि त्र्यंशच का, निम्मं का नाही?"*

यादी नव्हे, सुई. तोंडाशी रुंद आणि खाली निमुळता होत एका टोकाशी संपणारा खड्डा तो सूचीखात, म्हणजे उलटा धरलेला पिरॅमिड. समखात म्हणजे कुठल्याही खोलीवर आडवा काप घेतला तरी क्षेत्रफळ तेवढंच. या आकाराला पाठ्यपुस्तकात 'चिती' म्हणतात: वृत्तचिती, इष्टिकाचिती. 'चि' म्हणजे रचणं, चिता त्यातलीच. फल म्हणजे घनफळ, तेव्हा ओळ सांगते: समखाताच्या घनफळाचा तिसरा भाग ते सूचीखाताचं घनफळ.

तुमच्या 'का'चं उत्तर या कापांतच आहे. भास्कराचार्यांचंच उदाहरण घ्या: तोंड १२ हात चौरस, वेध म्हणजे खोली ९ हात. समखाताचं फळ १४४ × ९ = १२९६ घनहात. सूचीत मात्र निम्म्या खोलीवर बाजू ६ हात उरते, म्हणजे काप ३६ चौरस हातांचा. तो १४४ चा निम्मा नाही, चौथाई आहे. बाजू टोकापासूनच्या अंतराप्रमाणे घटते, क्षेत्रफळ त्या अंतराच्या वर्गाप्रमाणे. तोंड आणि टोक यांची सरासरी काढून निम्मं म्हणणारा इथे चुकतो.

हा वर्गाचा नियम तोंडाच्या आकारावर किंवा टोक कुठे झुकलंय यावर ठरत नाही. म्हणून तोंडाचं क्षेत्रफळ आणि वेध सारखे असले, की दोन सूचींचे काप प्रत्येक खोलीवर सारखे, आणि घनफळंही सारखी. कळण्याच्या भाकरींची चळत तिरकी सरकली तरी भाकरी काही कमी होत नाहीत, तसंच.

आता त्रिकोणी चिती घ्या. मी साबणाची वडी तासून दोऱ्याने कापली होती. तळ कखग, माथा चछज, क च्या वर च, ख च्या वर छ, ग च्या वर ज. च, ख, ग यांतून दोरा ओढला की तळावरची, च टोकाची सूची सुटते. उरलेला तुकडा च, ग, छ यांतून कापा, म्हणजे आणखी दोन होतात. त्यांपैकी चछज तोंडाची, ग टोकाची सूची पहिलीइतकीच, कारण तळ आणि माथा सारखे, उंचीही तीच. वडीचे हे दोन तुकडे हातात घेतले तर एकसारखे दिसत नाहीत. ते समान आहेत हे कापांवरूनच कळतं. तिसरा तुकडा आणि दुसरा या दोघांचं टोक च धरा. त्यांचे तळ म्हणजे खगजछ या आयताचे कर्णाने झालेले दोन निम्मे भाग. तळ समान, टोक एकच, म्हणून तेही समान. एका चितीच्या तीन सारख्या सूची झाल्या.

तोंड चौरस असलं तरी अडत नाही. १४४ चौरस हातांच्या त्रिकोणी तोंडाची, ९ हात वेधाची सूची चौरस तोंडाच्या सूचीशी काप-काप जुळते. त्या त्रिकोणी चितीचं फळ १२९६, म्हणून दोन्ही सूचींचं ४३२ घनहात.