खालच्या काकूंना माफीचं पत्र लिहिताना

‘काही त्रास झाला असल्यास क्षमस्व’ हे वाक्य आधी खोडा. त्रास झालाय, म्हणून तर काकू दोनदा वर आल्या. सरळ लिहा: ‘गेले तीन शनिवार रात्री एकपर्यंत कॅरम चालला, खुर्च्या ओढल्या गेल्या. चूक आमची.’ सबबी नकोत.

मग शांततेची वेळ सुचवा. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. पण खाली शाळकरी नातू आहे ना? मग साडेनऊच म्हणा. दुपारी 2 ते 4 सुद्धा धरा, नवखे हेच विसरतात. ‘ही वेळ चालेल का?’ असं विचारा, खाली फोन नंबर द्या.

पाळता येईल तेवढंच कबूल करा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, स्वतः जाऊन हातात द्या.