बॅच म्हणजे तुकडी नव्हे, घाणा

प्रश्न : मी महापे इथे मसाले-चटण्यांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. माल परत मागवण्याची सूचना मराठीत करायची आहे. 'बॅच'ला 'तुकडी' लिहावे की 'गट'? सुरुवात अशी आहे : "ग्राहकांना कळविण्यात येते की, गुणवत्तेशी असलेल्या आमच्या बांधिलकीला अनुसरून व सावधगिरीचा उपाय म्हणून सदर उत्पादनाच्या काही तुकड्या स्वेच्छेने परत मागविण्यात येत आहेत. शेंगदाण्याचे अंश असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वापर टाळावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." उत्पादन तिळाच्या चटणीचे आहे.

उत्तर : 'तुकडी' नको. तुकडी शाळेत असते, पोलिसांची असते. 'तुकड्या परत मागवल्या' वाचून चटणीचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. 'गट' तर बचतीचा किंवा रक्ताचा. परिभाषा घडवताना हे शब्द सुचवणाऱ्यांनी कढईपाशी उभे राहून पाहिले असते, तर नेमका शब्द तिथेच सापडला असता : घाणा.

ठाणे स्टेशनबाहेरच्या वड्याच्या गाडीवर 'थांबा, पुढचा घाणा निघतोय' असे रोज ऐकू येते. एका वेळी कढईत सोडले तेवढे वडे म्हणजे एक घाणा. तेलाच्या घाण्यात एका खेपेला घातलेले तीळ, गुऱ्हाळात एका खेपेला लावलेला ऊस, तोही घाणाच. म्हणजे यंत्राचे नाव तेच, त्यात एकदा घातलेल्या मालाचेही तेच. हिंदीत याच अर्थाने 'घान' आहे, गुजरातीत तळणाला 'घाणवो' म्हणतात. आणि इंग्रजी बॅचचे मूळ काय? बेक. वेकपासून वॉच, तसा बेकपासून बॅच. एका वेळी भट्टीत भाजलेले पाव, हा त्याचा जुना अर्थ. तिकडे भट्टी, इकडे कढई. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच कल्पना तशीच पकडली, याचा मला फार आनंद होतो. 'लॉट' निराळा : तो मुळात चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. घाणा बनवण्याशी बांधलेला, लॉट वाटण्याशी.

हा फरक तुमच्या सूचनेत थेट उपयोगी आहे. समजा, 14 जुलैला सकाळी तुमच्या ग्राइंडरवर शेंगदाण्याची चटणी झाली, मग यंत्र न धुता तिळाचे 40-40 किलोंचे सहा घाणे काढले. तेलकट कूट पात्यांना आणि चाळणीच्या कडेला चिकटून राहते. पहिल्या घाण्यात ते सर्वांत जास्त उतरते, पुढे कमी होत जाते, पण मध्येच एखादा पापुद्रा सुटून पुन्हा वाढू शकते. म्हणून तिसऱ्या घाण्याचा एक नमुना तपासणीत स्वच्छ आला, एवढ्यावर तो घाणा मोकळा करता येत नाही. हद्द ठरते ती यंत्र उघडून धुतले तिथे. तुमच्याकडे ते तिसऱ्या घाण्यानंतर धुतले असेल, तर धोक्याचे घाणे तीन.

पण पाकिटावर काय छापले आहे? दिवसभराच्या सहाही घाण्यांना एकच B. No. TC1407 असेल आणि वेळ छापलेली नसेल, तर ग्राहकाला तिसरा घाणा आणि चौथा ओळखता येणार नाही. मग सहाही परत मागवावे लागतात : 240 किलो, म्हणजे 200 ग्रॅमची 1200 पाकिटे. दोष त्यातल्या 600 पाकिटांचाच, पण छापलेला नंबर त्यांना वेगळे करत नाही. 'काही तुकड्या' या शब्दांनी हेच झाकले जाते. ज्याच्या हातात पाकीट आहे त्याला 'काही' पुरत नाही.

आता घाणा इतका लाडका असूनही मी तो सूचनेत घालू देणार नाही. एक तर 'या घाण्याची पाकिटे' घाईत 'घाणीची' वाचली जातील. दुर्गंधीची घाण 'घ्राण'वरून आलेली, तिचा याच्याशी संबंध नाही, पण वाचणाऱ्याला ते कोण सांगणार? दुसरे आणि मुख्य म्हणजे ग्राहक शब्द वाचत नाही, पाकिटावरचा ठसा जुळवतो. म्हणून 'बॅच नं.' लिहा आणि नंबर जसा छापला तसाच ठेवा : TC1407. 'टीसी१४०७' केलेत की जुळवणी मोडली. शून्य आणि O यांत गोंधळ होण्यासारखा असेल, तर ठशाचा फोटो द्या आणि तो पाकिटावर कुठे आहे तेही सांगा.

'सावधगिरीचा उपाय म्हणून' आणि 'स्वेच्छेने' मात्र ऐकले की माझे डोके उठते. कारखान्याची बाजू सांगणारे हे शब्द आहेत आणि ते धोक्याच्या आधी येऊन बसतात. पाणी दोन तास उशिरा आले तर गैरसोय. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाने ही चटणी खाल्ली तर श्वास अडकतो, त्याला गैरसोय म्हणत नाहीत. 'जोखीम'ही नको, जोखीम माणूस जाणून पत्करतो, इथे ग्राहकाला काही माहीतच नव्हते. धोका म्हणा. 'शक्यता नाकारता येत नाही' हे इंग्रजीचे ओझे. 'शेंगदाणा मिसळला आहे' म्हणा. आणि 'टाळावा' हा सल्ला झाला. गोड टाळावे, जागरण टाळावे. इथे 'खाऊ नका'.

सूचना अशी :

तिळाची चटणी, 200 ग्रॅम, बॅच नं. TC1407. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी खाऊ नका.
नंबर पाकिटाच्या मागे, खालच्या शिवणीवर आहे. या चटणीत शेंगदाणा मिसळला आहे. वेष्टनावर तो लिहिलेला नाही. ॲलर्जी असलेल्यांच्या अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, दम लागणे असा त्रास काही मिनिटांत सुरू होऊ शकतो. दम लागला तर ताबडतोब 108 ला फोन करा. ज्यांना ही ॲलर्जी नाही त्यांना या कारणाने धोका नाही.
पाकीट उघडे असो वा बंद, दुकानात परत द्या. पूर्ण पैसे मिळतील, बिल लागणार नाही. चटणी बरणीत ओतून पाकीट टाकून दिले असेल आणि खरेदी 14 जुलैनंतरची असेल, तर ती याच बॅचची समजा. तोच चमचा दुसऱ्या बरणीत घातला असेल, तर ॲलर्जी असलेल्याला त्या बरणीतलेही देऊ नका.

याखाली फोन नंबर. कंपनीचे नाव, कारण आणि दिलगिरी त्याच्याही खाली. बरणीचे वाक्य गाळू नका; चटणीचे पाकीट घरी आल्या आल्या फोडून ओतले जाते, त्यामुळे नंबर पाहायला पाकीट उरतच नाही.

'परत मागवणे' बरोबर आहे, ते 'मागे घेणे' करू नका. दुकानांच्या फळीवरून माल उचलला की झाले मागे घेणे. परत मागवण्यात घरात पोचलेले पाकीटही आले. अन्नसुरक्षा कायदा 2006 मधले कलम 28 माल परत मागवण्याचे आहे, आणि त्याची कार्यपद्धती 2017 च्या विनियमांत आहे. ती तुमच्या विभागात असेलच. सूचनेत कलमाचा उल्लेख करायचा असेल तर अगदी शेवटी, दिलगिरीच्याही नंतर.