तिघांच्या टीममध्ये दर स्प्रिंटला कामं का उरतात?

“आम्ही तिघंच आहोत. दोन आठवड्यांचे स्प्रिंट करतो, साधा बोर्ड आहे, पण दर वेळी निम्मी कार्डं उरतात आणि पुढे ढकलली जातात. नेमकं काय चुकतंय?”

स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी उरलेली कार्डं कोणत्या रकान्यात अडकलीत, ते आधी बघा. ती ‘करायचं’मध्येच असतील, म्हणजे कुणी हातही लावला नसेल, तर तुम्ही सुरुवातीलाच जास्त काम घेतलंय. ती ‘चालू’ आणि ‘तपासणी’मध्ये असतील तर दुखणं वेगळं आहे. कामं सुरू भरपूर झाली, पण पुरी करायला कुणी थांबलं नाही.

आमचं दुखणं या दोनपैकी दुसरं होतं. आम्हीही तिघंच. एका स्प्रिंटला 14 कार्डं घेतली आणि शेवटी ‘झालं’मध्ये फक्त 5 होती. उरलेल्या नऊपैकी 6 तपासणीत पडून होती. कोड लिहून झाला की प्रत्येक जण कार्ड तपासणीत सरकवायचा आणि नवीन घ्यायचा. दुसऱ्याचं काम तपासणं हे कुणाचंच काम नव्हतं. मग एकच नियम केला: तपासणीत एका वेळी 2 कार्डं, बस. तिसरं ठेवायला जागा नसेल तर नवीन काम घ्यायचं नाही, आधीच्या दोनपैकी एक तपासून मोकळं करायचं. पहिले काही दिवस हे फार जाचलं, हात बांधल्यासारखं वाटलं. पण पुढच्या स्प्रिंटला 8 घेतली आणि 7 पूर्ण झाली.

हा नियम कार्डं लहान असतील तरच चालतो. आम्ही एका माणसाचं दोन दिवसांचं काम ही कमाल मर्यादा ठेवली आहे. मोठं कार्ड फोडताना बहुतेक जण स्क्रीन वेगळी, सर्व्हर वेगळा, डेटाबेस वेगळा असं फोडतात. आम्हीही तसंच करायचो. त्यात तिन्ही संपेपर्यंत वापरणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही, आणि एक तुकडा अडला की तिन्ही लटकतात.

उदाहरण देतो. ‘रिमाइंडर’ नावाचं आमचं एक कार्ड होतं, अंदाजे सहा दिवसांचं. ते असं फोडलं: आधी रोज सकाळी 9 वाजता एकच ठरलेली सूचना, मग वेळ निवडण्याची सोय, मग आठवड्याचे वार निवडण्याची. पहिला तुकडा दुसऱ्याच दिवशी फोनवर चालवून बघता आला आणि तिथेच एक अडचण समोर आली. अँड्रॉइड 13 पासून सूचना दाखवायला `POST_NOTIFICATIONS` ही परवानगी ॲप चालू असताना मागावी लागते. कुणी ‘नाही’ म्हटलं तर काय दाखवायचं, याचा आम्ही विचारच केला नव्हता. त्याचं नवीन कार्ड झालं, आणि ते बसवण्यासाठी वार निवडण्याचं कार्ड आम्ही बॅकलॉगमध्ये परत पाठवलं. ही अडचण नवव्या दिवशी कळली असती तर सगळं रिमाइंडरच उरलं असतं.

आता किती कार्डं घ्यायची? मागच्या तीन स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात किती पूर्ण झाली ते मोजा. समजा 7, 5 आणि 6, तर या वेळी 6. यापेक्षा जास्त हिशेब तिघांना लागत नाही. पॉइंट वगैरे देण्यात आम्ही तासन् तास घालवले, कार्डं लहान झाल्यावर ते सोडून दिलं. या सहामध्येही एक जागा मधूनच येणाऱ्या बगसाठी रिकामी ठेवा. कार्डांचे आकार फार कमी-जास्त असतील तर मात्र ही मोजणी फसते.

‘झालं’ म्हणजे काय, तेही बोर्डावरच लिहून ठेवा. आमच्याकडे त्याचा अर्थ असा: दुसऱ्या माणसाने खऱ्या फोनवर चालवून पाहिलं आणि ते चाचणीच्या बिल्डमध्ये गेलं. स्टोअरवर प्रसिद्ध होणं आम्ही त्यात धरत नाही, कारण तिथल्या परीक्षणाला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. आणि दहा कामाच्या दिवसांपैकी आठव्यानंतर नवीन कार्ड सुरू करू नका. शेवटचे दोन दिवस उघडी कामं मिटवायला ठेवा.

उरलेलं कार्ड आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकायची सवय आजच मोडा. ते बॅकलॉगमध्ये परत जाऊ द्या आणि नियोजनाला बसाल तेव्हा इतर कार्डांच्या शेजारी ठेवून नव्याने निवडा. आमच्याकडे दोन स्प्रिंट ढकललेलं एक कार्ड असं परत गेलं, तेव्हा ते आता कुणालाच नको आहे असं लक्षात आलं आणि आम्ही ते काढून टाकलं.