मीटिंगचा सारांश काढणाऱ्या टूलला शब्दयादी आणि माणसांची यादी कशी द्यायची?

प्रश्न: "आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. मीटिंग रेकॉर्ड करून एआयकडून सारांश काढतो पण आयओडी, पीएमसी असले शब्द आणि कोण काय बोललं हे सगळं चुकतं. आधीच ग्लॉसरी आणि लोकांची यादी दिली तर फरक पडतो का, आणि ती कशी लिहायची?"

पडतो, आणि रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये तर खूपच पडतो, कारण इथले अर्धे शब्द असे आहेत की बाहेरच्याला त्यांचा उलटाच अर्थ लागतो. आयओडीचंच घ्या. मुंबई महापालिका अटी घालून जी पहिली परवानगी देते तिचं नाव आहे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नावात चक्क नकार. टूलला शब्दाचं पूर्ण रूप माहीत असलं तरी ते बिनधास्त लिहितं की महापालिकेने प्रस्ताव नामंजूर केला. दुसरं म्हणजे पीएमसी. आपल्याकडे मुंबईत रिडेव्हलपमेंटच्या बोलण्यात पीएमसी म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, पण इंटरनेटवरच्या मजकुरात तीच तीन अक्षरं पुणे महानगरपालिकेसाठी सर्रास येतात. त्यामुळे बोरिवलीच्या सोसायटीच्या सारांशात पुण्याची महापालिका येऊन बसते.

एक उदाहरण घेऊन सांगतो. मीटिंगमध्ये समजा सेक्रेटरी असं बोलले: "आयओडी आलीये, सीसी प्लिंथपर्यंतची आधी मिळेल असं पीएमसी म्हणतायत, पण सर म्हणाले भाडं आयओडीपासून नाही, घरं खाली केल्यापासून." काहीच आधी न देता सारांश काढलात तर साधारण असं हाती येतं: प्रस्ताव नामंजूर झाला, सीसीटीव्ही प्लिंथपर्यंत बसवणार, भाडं घरं खाली केल्यापासून मिळेल असं अध्यक्षांनी सांगितलं. यातली तिसरी चूक सगळ्यात महागाची आहे, कारण वाचताना ती खटकतच नाही. "सर" म्हणजे इथे डेव्हलपरचा माणूस होता, ते त्याचं म्हणणं होतं, आणि मिनिट्समध्ये अध्यक्षांच्या नावावर गेलं की उद्या कोणीही म्हणेल कमिटीनेच मान्य केलंय.

आता यादी कशी लिहायची. नुसतं पूर्ण रूप देऊन उपयोग नाही. प्रत्येक शब्दाला तीन गोष्टी हव्यात: आपल्या मीटिंगमध्ये त्याचा अर्थ काय, काय समजायचं नाही, आणि रेकॉर्डिंगमधून तो कसा चुकीचा उमटतो.

```
आयओडी: महापालिकेची अटींसह पहिली परवानगी. नकार नाही.
  काम सुरू करायला सीसी वेगळी लागते.
  चुकून उमटतं: आयडी, आयोडीन
सीसी: काम सुरू करायचा दाखला. सीसीटीव्ही नाही.
पीएमसी: सोसायटीचा सल्लागार. पुणे महापालिका नाही.
एरिया: कारपेट की बिल्टअप ते बोलणाऱ्याने सांगितलं
  नसेल तर नुसतं "एरिया" लिहा, स्वतः ठरवू नका.
```

शेवटची ओळ मुद्दाम टाकलीये. काही शब्द मीटिंगमध्येच संदिग्ध असतात, आणि ते संदिग्ध ठेवणं हेच बरोबर असतं. कारपेट आणि बिल्टअपमध्ये भरपूर फरक पडतो आणि टूलने मनाने एक निवडलं तर सभासद तोच आकडा धरून बसतात. डेव्हलपरकडून मिळणाऱ्या पैशांसाठीचे "कॉर्पस", "हार्डशिप" हे शब्दही तसेच, काही ठिकाणी दोन्ही एकाच रकमेला म्हणतात, काही ठिकाणी वेगवेगळ्या, तेव्हा तुमच्या ऑफर लेटरमध्ये जे असेल तेच लिहा.

शब्द किती? वीस-पंचवीस पुरे होतात. एजीएम, सेक्रेटरी, मेंटेनन्स हे टूलला येतं, ते भरून यादी फुगवू नका. जिथे प्रत्यक्षात चूक झालीये किंवा दोन अर्थ निघतात तेवढेच ठेवा.

माणसांच्या यादीत नावापेक्षा बाजू महत्त्वाची. म्हणजे हुद्दा, कोणाकडून आलाय (सोसायटी, डेव्हलपर, पीएमसी, सोसायटीचे वकील), आणि मीटिंगमध्ये त्याला काय म्हणून हाक मारतात. आपल्याकडे कोण पूर्ण नाव घेतं, सगळे साहेब, सर, काका, नाहीतर "बी विंगवाले". दोन पाटील असतील तर एक "पाटील काका, माजी खजिनदार" आणि एक "पाटील सर, डेव्हलपरचे आर्किटेक्ट" असं सरळ लिहा, आणि खाली एक सूचना द्या की नुसतं "सर" आलं आणि कोण ते कळत नसेल तर "कोण ते स्पष्ट नाही" असं लिही. फोन नंबर, फ्लॅट नंबर यादीत टाकायची काहीच गरज नाही. आणि हजर कोण आणि फक्त उल्लेख कोणाचा होऊ शकतो हे दोन वेगळे गट करा, नाहीतर जो माणूस आलाच नव्हता त्याच्या तोंडी वाक्यं जातात.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, की यादी दोन ठिकाणी लागते. आधी आवाजाचं लिखाण होतं, मग लिखाणाचा सारांश. लिखाणातच आयओडीचं "आयडी" झालं असेल तर सारांशाच्या वेळी "चुकून उमटतं" ही ओळ थोडं सावरते, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून जे टूल आधी शब्द घेतं त्याला तिथेही द्या. आवाजाचं लिखाण करणारं व्हिस्पर वापरत असाल तर त्यात आधी शब्द द्यायला `initial_prompt` आहे, पण त्याची मर्यादा २२४ टोकनची, म्हणजे शब्दांच्या तेवढ्या तुकड्यांची आहे, लांबलं तर फक्त शेवटचा भाग धरला जातो, आणि देवनागरीला टोकन जास्त लागतात. तिथे अर्थ वगैरे देऊ नका, फक्त नेहमी चुकणारे शब्द आणि आडनावं एखाद्या साध्या वाक्यात गुंफून द्या. रेकॉर्डिंगमध्ये लांब शांतता असली तर कधीकधी हेच शब्द न बोलताही लिखाणात उगवतात, ते दिसले की वेळ बघून ऐकून घ्या.

तसंच आवाज वेगळे करणारं टूल `SPEAKER_00`, `SPEAKER_01` एवढंच देतं, नावांची यादी दिली म्हणून कुठला आवाज कोणाचा हे त्याला कळत नाही. यावर उपाय सोपा आहे, मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव आणि कोणाकडून आलोय ते एक वाक्यात बोलायचं. त्यावरून आवाज कोणाचा ते जोडता येतं.

यादीचा उलटा त्रासही होतो. अर्थ सविस्तर लिहिला की टूल तो अर्थच सारांशात घालतं, जणू मीटिंगमध्ये कोणी समजावून सांगितलं. सीसी वेगळी लागते हे तुमच्या यादीत आहे, मीटिंगमध्ये कोणी बोललंच नव्हतं, तरी सारांशात येतं. म्हणून यादीच्या वर लिहायचं: "ही यादी फक्त अर्थ समजण्यासाठी आहे, यातलं काहीही मीटिंगमध्ये बोललं गेलं असं धरू नये, आणि पैसे, तारीख, एरिया, आश्वासन या प्रत्येक मुद्द्यापुढे लिखाणातलं मूळ वाक्य आणि वेळ द्यावी." ही शेवटची अट घातली की तपासायला खूप सोपं जातं, कारण अख्खी दोन तासांची मीटिंग परत ऐकावी लागत नाही, तेवढे मुद्दे ऐकले की झालं. वाक्य लिखाणात सापडलंच नाही तर तो मुद्दा काढून टाका.

वरच्या उदाहरणात यादी दिल्यावर सारांश असा यायला हवा: आयओडी मिळाली, प्लिंथपर्यंतची सीसी आधी मिळेल असं पीएमसीचं म्हणणं, भाडं घरं खाली केल्यापासून देऊ असं डेव्हलपरच्या प्रतिनिधीचं म्हणणं, सेक्रेटरींनी ते कळवलं, यावर ठराव झालेला नाही. शेवटचे चार शब्द टूल आपणहून लिहीत नाही, "म्हणणं आणि ठराव वेगळे लिही" असं त्याला सांगावं लागतं.

आणि यादीवर तारीख टाका. निवडणूक होऊन कमिटी बदलली किंवा पीएमसी बदलला तर जुनी फाईल पुसू नका, नवीन करा. दोन वर्षांपूर्वीच्या मीटिंगचा सारांश परत काढायची वेळ येते, विशेषतः वाद रजिस्ट्रारकडे गेला की, आणि तेव्हा "सेक्रेटरी" म्हणजे त्या दिवशीचा सेक्रेटरीच यायला हवा.