रोजच्या वापरात येणारे वजा आकडे: रीसेट आणि दुरुस्ती वेगळी कशी ओळखावी

प्रश्न: मीटरचा एकूण आकडा रोज येतो. आजच्यातून कालचा वजा करून रोजचा वापर काढतो, पण मधूनच उत्तर वजा येते. अशा ठिकाणी शून्य धरले तर चालेल का?

शून्य धरू नका. वजा उत्तरामागे दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत. मीटर पुन्हा शून्यापासून मोजू लागला असेल, तर तो रीसेट होय. मीटर तसाच चालू असून आधी चुकून वाढलेला आकडा कोणी खाली आणला असेल, तर ती दुरुस्ती होय. शून्य धरल्याने या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

मी नाशिकला राहतो आणि दिंडोरी तालुक्यातील काही द्राक्षबागांच्या ठिबक सिंचनाच्या पाण्याच्या नोंदी ठेवतो. एका पंपाच्या मीटरवरचे, रोज सकाळी सहाला घेतलेले नऊ दिवसांचे आकडे घनमीटरमध्ये असे होते: ४८२१०, ४८२९६, ४८३८०, ४८४६२, ३१, ११५, २०१, ४१२, ३७०. सरळ वजाबाकी केली की पाचव्या आणि नवव्या नोंदीला उत्तर वजा येते. पाचव्या नोंदीच्या आदल्या दुपारी डेटा लॉगरची बॅटरी बदलली होती आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू झाली होती. आठव्या नोंदीच्या वेळी वायरच्या सैल जोडामुळे खोटे पल्स मोजले गेले होते आणि दुसऱ्या दिवशी ते १२७ घनमीटर एकूण आकड्यातून काढून टाकले गेले.

वजा उत्तरांच्या जागी शून्य धरले, तर आठ दिवसांचा वापर ६३३ येतो. प्रत्येक वजा उत्तराला रीसेट मानून त्या दिवशीचा आकडाच वापर म्हणून घेतला, तर तो १०३४ येतो, कारण नवव्या नोंदीचे अख्खे ३७० एका दिवसाच्या नावावर पडतात. पाचव्या नोंदीला ३१, आठवीला ८४ आणि नववीला ८५ धरले, तर योग्य बेरीज किमान ६२२ येते; हे आकडे कसे आले ते पुढे सांगतो. शून्याच्या पद्धतीचे ६३३ हे उत्तर खऱ्याच्या इतके जवळ आहे, हीच त्यातली घातक बाब आहे. त्यात एका दिवसाला १२७ जास्त लागले आहेत आणि दोन दिवसांचे मिळून ११६ गळाले आहेत. चुका एकमेकींना झाकत असल्यामुळे महिन्याच्या बेरजेवरून त्या ध्यानात येत नाहीत आणि रोजच्या आलेखावर मात्र बागेला दोन दिवस पाणीच दिले नाही असे दिसते.

कारण ओळखण्यासाठी एक आकडा आधी ठरवून ठेवावा लागतो, तो म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त किती वापर शक्य आहे. आमचा पंप ताशी सुमारे १२ घनमीटर पाणी देतो आणि शेतीची वीज आठ तास असते, म्हणून ही मर्यादा ९६ होते. मी ती १०० धरतो. रीसेटनंतरचा आकडा या मर्यादेच्या आत असलाच पाहिजे, कारण शून्यापासून एका दिवसात मीटर त्यापुढे जाऊच शकत नाही. ३१ या कसोटीला उतरतो आणि ३७० उतरत नाही, म्हणून ३७० ही दुरुस्तीच आहे. मात्र मीटर नुकताच रीसेट झालेला असेल आणि आकडा १४० वरून ६० वर आला, तर ही कसोटी निर्णय देऊ शकत नाही. अशी नोंद मी आपोआप कोणत्याही गटात टाकत नाही. लॉगर किती वेळापासून सलग चालू आहे आणि मीटरचा क्रमांक तोच आहे का, हे पाहून ठरवतो.

```python
# s: रोजच्या एकूण आकड्यांची pandas मालिका
CAP = 100
d, prev = s.diff(), s.shift()
reset = (d < 0) & (s <= CAP) & (prev > 5 * CAP)
corr  = (d < 0) & (s > CAP)
jump  = d > CAP
daily = d.where((d >= 0) & ~jump)
daily[reset] = s[reset]
```

यात जिथे निर्णय झालेला नाही तिथे जागा रिकामी राहते आणि ती तशीच राहावी. मध्ये नोंदी चुकल्या असतील, तर `CAP` ला लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये गेलेल्या दिवसांनी गुणावे लागते.

रीसेटच्या दिवसाचे ३१ हे पूर्ण उत्तर नव्हे. सकाळी सहापासून बॅटरी काढेपर्यंत जे पाणी गेले, ते जुन्या मोजणीबरोबर गेले. म्हणून त्या दिवसापुढे मी «किमान» असे लिहितो आणि पंप किती तास चालला याची नोंद असेल तरच वेगळ्या रकान्यात अंदाज देतो. मीटरच बदलला असेल, तर नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा नेहमीच शून्य नसतो. तो बसवतानाच लिहून घ्यावा. आणि ९९९९९ नंतर ००००० आले असेल, तर तो रीसेट नसून मीटर पूर्ण फिरला आहे. वरचा कोड चालवण्याआधीच तिथपासूनच्या आकड्यांत १००००० मिळवले की काहीही हरवत नाही.

दुरुस्तीच्या दिवशीचा फरक उणे ४२ होता, पण दुरुस्ती ४२ ची नव्हती. त्यात उणे १२७ ची दुरुस्ती आणि त्या दिवसाचा खरा ८५ चा वापर एकत्र मिसळले होते. दुरुस्तीचा आकडा आणि ती कोणत्या दिवसासाठी आहे हे कळले, तर ती मूळ दिवसाला लावावी: आठव्या नोंदीचे २११ हे ८४ होतात आणि नववीला ८५ मिळतात. आकडा कळला नाही, तर दोन्ही दिवस एकत्र करून १६९ असे लिहावे. दोन दिवसांची बेरीज खात्रीची आहे, तिची वाटणी खात्रीची नाही, आणि तक्त्यात नेमके तेवढेच दिसले पाहिजे. इथे नशिबाने `jump` ने २११ पकडले होते. चुकीची वाढ मर्यादेच्या आत असती, तर ती कोणत्या दिवशी शिरली हे आकड्यांवरून कळले नसते.

सर्व्हरच्या देखरेखीसाठी वापरले जाणारे प्रोमिथियस `rate()` आणि `increase()` मध्ये प्रत्येक घट रीसेटच मानते. तिथे ते बरोबर आहे, कारण प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला की त्याचा काउंटर शून्यावर जातो आणि हाताने कोणी तो कमी करत नाही. हाच नियम माणसांनी दुरुस्त केलेल्या आकड्यांना लावला तर काय होते, ते कोविडच्या काळातील एका नोंदीवरून कळते. १२ ऑगस्ट २०२० रोजी ब्रिटनने मृत्यूची व्याख्या बदलून एकूण संख्या ४६,७०६ वरून ४१,३२९ केली. तिला रीसेट मानले, तर एकाच दिवसात ४१,३२९ मृत्यू झाले असे उत्तर येते. वर जाणारी दुरुस्ती तर वजा चिन्हही दाखवत नाही: १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधीचे १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळवले, आणि नुसती वजाबाकी करणाऱ्याला ते सगळे त्याच दिवशीचे वाटतात.

तुमचा स्रोत केवळ शेवटचा आकडा न देता संपूर्ण मालिका देत असेल, तर रोज आलेली मालिका ती मिळाल्याच्या तारखेसह जशीच्या तशी साठवा. काही स्रोत मागच्या तारखांचे आकडेच बदलतात. अशा वेळी वजा उत्तर कुठेच येत नाही आणि कालची प्रत आजच्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय बदल सापडत नाही. ताडून पाहिल्यावर मात्र दुरुस्ती किती आणि कोणत्या दिवसाची, या दोन्ही गोष्टी हाती येतात आणि दोन दिवस एकत्र करण्याची वेळ येत नाही.